गुरुवारी जमणार नाही, मंगळवारी जमेल

ताई, मी 27 वर्षांची. मानेवाड्याला राहते, सीताबर्डीतल्या एका सीए फर्ममध्ये नोकरी करते. मिहानमधल्या एका कंपनीत सीनिअर अकाउंटंटच्या जागेसाठी माझी पहिली फेरी झाली. दुसरी गुरुवारी, 18 जूनला सकाळी 11:30 ला व्हिडिओवर आहे. इथले मॅनेजर आणि पुण्याच्या फायनान्स हेड असणार आहेत. काल संध्याकाळी बाबांच्या अँजिओग्राफीची तारीख मिळाली, तीही नेमकी गुरुवारी, सकाळी 8 ला ॲडमिट. दादा चंद्रपूरला असतो, त्याला सोमवार, 22 जूनपासून सुट्टी आहे. जागा कन्सल्टन्सीच्या मॅडमनी सुचवली, पण इन्व्हाइट कंपनीच्या एचआरकडून आलं, मग कळवायचं कोणाला? मेल चार वेळा लिहून खोडला. आई म्हणते, ‘एवढी माफी काहून मागतेस?’ पण सरळ लिहिलं तर मी बेफिकीर वाटेन अशी भीती वाटते. की हॉस्पिटलमधूनच मुलाखत देऊन टाकू? मसुदा सोबत पाठवते आहे.
– अ. म., नागपूर

प्रिय अ.,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय मेल लिहायला तुझा हात वळणार नाही. हॉस्पिटलमधून मुलाखत देऊ नकोस. तिथला गोंगाट आणि नेटवर्क सोड, खरं कारण वेगळंच आहे. अँजिओग्राफी चालू असताना नातेवाइकाला बाहेर थांबायला सांगतात, ते उगीच नव्हे. मोठा ब्लॉक दिसला, तर अनेकदा डॉक्टर नातेवाइकाला तिथेच बोलावून पडद्यावर दाखवतात आणि विचारतात, आत्ताच अँजिओप्लास्टी करून घ्यायची का? स्टेंट कोणता, खर्च किती, सही कोण करणार, हे सगळं त्या काही मिनिटांत ठरतं. ती हाक 11:50 ला आली, तर तू पुण्याच्या मॅडमना जीएसटीचा ताळमेळ समजावून सांगत असशील आणि आई एकटी त्या दारात उभी असेल. दोन्हीकडे अर्धी राहशील. तारीख बदलून मागणं हाच बरोबर रस्ता आहे, आणि तो मागण्याइतकं कारण तुझ्याकडे आहे.

आता तुझा मसुदा. मी तो तीनदा वाचला. अकरा ओळी आहेत. त्यात ‘क्षमस्व’ दोनदा, ‘माफ करा’ एकदा, ‘मला खूप लाज वाटते आहे’ एकदा आणि ‘कृपया माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नये’ एकदा आलं आहे. गुरुवारी जमणार नाही ही गोष्ट नवव्या ओळीत आहे. दुसरी तारीख मात्र कुठेच नाही. तिच्या जागी ‘आपल्याला जेव्हा सोयीचं असेल तेव्हा मी उपलब्ध असेन’ असं वाक्य आहे.

मी अकरा वर्षं भरतीचं काम केलं, त्यातली सहा इथे नागपुरात. त्या काळातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. एका मुलीचा असाच मेल आला होता. सुरुवातीला आभार, मग संधीबद्दल ऋण, मग माफी. दोन मुलाखतींच्या मधल्या वेळात मी तो फोनवर उघडला, पहिल्या चार ओळी वाचल्या, आभाराचा मेल समजले आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी तीन माणसं व्हिडिओवर वीस मिनिटं तिची वाट बघत बसली. नोंद ‘आली नाही’ अशी झाली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी मेल पुन्हा उघडला, तर तारखेची गोष्ट खाली, शेवटाकडे होती. चूक माझी होती, पूर्ण मेल मी वाचायला हवा होता. मी मॅनेजरला तसं सांगितलंही, पण त्यांनी तोवर दुसऱ्या उमेदवाराला होकार कळवला होता. त्या मुलीचा आवाज मला अजून आठवतो. म्हणूनच तुझी नववी ओळ पहिली यावी म्हणून मी एवढा हट्ट धरते आहे.

पलीकडे काय घडतं ते जरा समजून घे, म्हणजे काय लिहायचं ते तुझं तुलाच सुचेल. तुझा मेल ज्या एचआरला जाईल, तिच्या हातात एकाच वेळी पाच-सात जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी काही उमेदवार. तुझी निवड ती करत नाही, ती करणार ते दोघं, मॅनेजर आणि फायनान्स हेड. एचआरचं काम त्या दोघांचा सारखा मोकळा पाऊण तास शोधण्याचं. तुझी विनंती आली की ती दोघांची कॅलेंडरं शेजारी-शेजारी उघडते आणि मोकळा चौकोन शोधते. तिला त्या क्षणी लागतं ते एवढंच, की ही मुलगी कधी मोकळी आहे. ते मेलमध्ये असेल तर काम पाच मिनिटांत होतं. नसेल तर ती तुला विचारणार, तू चार तासांनी उत्तर देणार, तोवर पुण्याच्या मॅडमचा चौकोन भरून जाणार. अशा दोन फेऱ्या झाल्या की तुझं नाव कामाच्या यादीत आपोआप खाली सरकतं. तुझ्याबद्दल वाईट मत झालं म्हणून नव्हे, दुसऱ्या उमेदवाराची वेळ ठरली म्हणून.

तेव्हा ‘आपल्या सोयीनुसार’ हे वाक्य आपल्याला नम्र वाटतं, पण समोरच्याला ते रिकामं दिसतं. बेफिकीर तेच वाटतं. माफीच्या पाच ओळी त्याची भरपाई करत नाहीत. ही मुलाखत तुला खरंच हवी आहे हे तुझ्या मेलमध्ये फक्त एका गोष्टीतून दिसेल: तू बसून, घरचा हिशोब लावून, नेमक्या तारखा आणि तास दिले आहेत.

हा हिशोब लावताना घाई करू नकोस. तुझा पहिला विचार शुक्रवार देण्याचा असेल, बहुतेक सगळ्यांचा असतो. कारण लवकरात लवकरची तारीख दिली की उत्सुकता दिसते असं वाटतं. पण गुरुवारी प्लास्टी झाली तर बाबा एक-दोन दिवस तिथेच राहतील. नुसती अँजिओग्राफी झाली आणि मनगटातून झाली तर संध्याकाळी घरी येतीलही, जांघेतून झाली तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागेल. यातलं काय होईल हे आज डॉक्टरही सांगू शकत नाहीत. म्हणून तारखा देताना सगळ्यात वाईट शक्यता धर: गुरुवारी प्लास्टी, शनिवारी घरी, रविवारी औषधांची घडी बसवायची, सोमवारी दादा येतो. म्हणजे सोमवारी दुपारनंतर तू मोकळी. मंगळवार आणि बुधवार तर नक्कीच. शुक्रवार देऊन तो पुन्हा बदलून मागणं हे खरं नुकसान. एकदा तारीख बदलली तर कोणी मनात धरत नाही. दुसऱ्यांदा बदलली की कारण कितीही खरं असो, मॅनेजर एचआरला विचारतो, ‘तिला यायचं आहे ना नक्की?’ आणि त्याला उत्तर द्यायला एचआरकडे काही नसतं.

तीन वेळा दे. एक दिली तर ती अट वाटते, सहा दिल्या तर वाचणारीला निवडत बसावं लागतं. आणि त्या एकाच प्रकारच्या नकोत, एक सकाळची, एक दुपारची, एक बराच वेळ मोकळा असलेला दिवस. तुझ्या सध्याच्या ऑफिसचाही विचार कर. रिटर्नच्या दिवसांत सीए फर्ममधून दुपारी दोन तास निघणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. जी वेळ मेलमध्ये लिहिशील ती साहेबांकडून आधी मोकळी करून घे, मग लिही.

आता कारण. किती सांगायचं? एक वाक्य. ‘वडिलांची हृदयाची तपासणी त्याच सकाळी ठरली आहे आणि मला सोबत असणं गरजेचं आहे.’ यात सगळं आलं. तुझ्या मसुद्यात बाबांना गेल्या महिन्यात दम लागला, मग टीएमटी केली, ती पॉझिटिव्ह आली, असा सगळा प्रवास आहे, आणि शेवटी ‘रिपोर्ट जोडत आहे’ असंही लिहिलं आहेस. रिपोर्ट काढून टाक. ते बाबांचे कागद आहेत. अनोळखी कंपनीच्या मेलबॉक्समध्ये ते कायमचे पडून राहतील, आणि तुला पुरावा मागितलेला नाही. न मागता पुरावा दिला की ‘हिच्यावर विश्वास ठेवू नये असं कोणाला का वाटेल?’ हा प्रश्न उलट मनात येतो.

तू पत्राच्या शेवटी, मसुद्याच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं आहेस, ‘घरची जबाबदारी आहे असं कळलं तर ही सारखी सुट्ट्या घेईल असं त्यांना वाटेल का?’ हा प्रश्न मुलींनाच पडतो आणि तो उगीच पडत नाही, हे मी मान्य करते. असे शेरे मी स्वतः ऐकले आहेत. तुला नको वाटत असेल तर ‘वडील’ आणि ‘हृदय’ हे दोन्ही शब्द गाळून ‘घरातील आधीच ठरलेल्या वैद्यकीय प्रक्रियेमुळे’ एवढंच लिही. ते खरंही आहे आणि पुरेसंही. फक्त एक करू नकोस, ‘इमर्जन्सी’ हा शब्द वापरू नकोस. पाच दिवस आधी ठरलेली गोष्ट इमर्जन्सी नसते, आणि वाचणारीला ती विसंगती चटकन दिसते. शिवाय हा शब्द तिने त्या आठवड्यात चार वेळा वाचलेला असतो. ‘आधीच ठरलेली’ हे शब्द मात्र तुझ्या बाजूने बोलतात: तारीख कळली, लगेच कळवलं. तब्येत स्वतःची बिघडली म्हणून सांगणं किंवा त्या दिवशी ऐनवेळी नेट गेलं म्हणणं, हे तू करणार नाहीस हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे. तरी कोणी ‘असं सांग ना सरळ’ म्हणून सल्ला दिला तर ऐकू नकोस. पुढच्या फेरीत मॅनेजर सहज विचारतो, ‘आता बरं आहे ना?’ आणि खोटं सांगितलेलं असलं की माणूस त्या पहिल्या मिनिटालाच अडखळतो.

मेल कोणाला? ज्या मेलवर इन्व्हाइट आलं त्याच मेलला Reply कर. एचआर ‘टू’मध्ये, कन्सल्टन्सीच्या मॅडम ‘सीसी’मध्ये. मॅनेजर आणि फायनान्स हेड त्या इन्व्हाइटमध्ये असतील तर Reply all दाबू नकोस. त्यांच्यापर्यंत ते एचआरने न्यायचं असतं, नवीन वेळेसकट. विषयाची ओळ बदलू नकोस. जीमेलमध्ये विषय बदलला की तो मेल जुन्या धाग्यातून सुटून वेगळा पडतो, आणि तुझी आधीची माहिती, जागेचं नाव, वेळ, सगळं तिला शोधावं लागतं. एक अपवाद आहे. इन्व्हाइट noreply अशा पत्त्यावरून आलं असेल, तर तिकडे उत्तर दिलेलं कोणी वाचत नाही. मग एचआरने आधी ज्या मेलवर तुझ्याशी बोलणं केलं त्याला उत्तर दे.

इन्व्हाइटमधलं Decline किंवा No हे बटण आज दाबू नकोस. ते दाबलं की पलीकडे फक्त ‘नकार’ अशी सूचना जाते. तुला तारीख बदलून हवी आहे की मुलाखतच नको आहे, हे त्यातून कळत नाही. Propose a new time असा पर्याय कॅलेंडरमध्ये असतो, तो मित्रांत ठीक आहे. इथे तो एकच वेळ पाठवतो, तुला तर तीन द्यायच्या आहेत. मेल आधी, नवीन इन्व्हाइट आल्यावर ते स्वीकार, आणि मग जुनं अजून कॅलेंडरवर राहिलंच असेल तर ते काढ.

कन्सल्टन्सीच्या मॅडमना सोमवारी सकाळी, मेल गेल्यानंतर, फोन कर. त्यांना उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून पैसे मिळतात, बहुतेक ठिकाणी वर्षाच्या पगाराचे 8.33 टक्के, म्हणजे साधारण तुझा एक महिन्याचा पगार. त्यामुळे तू शर्यतीत राहावंस असं त्यांना मनापासून वाटतं आणि त्या एचआरला स्वतः फोन करतील, ते तुझ्या फायद्याचं आहे. पण याच कारणामुळे त्या म्हणतील, ‘अगं, पाऊण तासाचंच आहे, कसंतरी जमव ना.’ त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. हातातली जागा दुसऱ्या कन्सल्टन्सीचा उमेदवार नेईल याची त्यांना भीती असते. तू शांतपणे एवढंच म्हण: ‘मॅडम, गुरुवारी मी नाही देऊ शकत. सोमवार दुपार, मंगळवार सकाळ आणि बुधवार पूर्ण दिवस कळवला आहे. तुम्ही एचआरशी बोलाल का?’ कारण पुन्हा सांगत बसू नकोस. कारण लांबलं की त्यावर घासाघीस सुरू होते, मग ‘तुमचे काका नाही का थांबू शकत?’ इथपर्यंत गोष्ट जाते.

हा तुझा मेल. तू तो इंग्रजीतच पाठवशील, मी मराठीत लिहिते म्हणजे वाक्यांचा क्रम डोळ्यांसमोर राहील.

‘नमस्कार मॅडम,

सीनिअर अकाउंटंट पदासाठीची माझी दुसरी फेरी गुरुवार, 18 जून, सकाळी 11:30 ला आहे. ती पुढे घेता येईल का, अशी विनंती आहे. वडिलांची हृदयाची तपासणी त्याच सकाळी ठरली असून मला त्यांच्यासोबत असणं गरजेचं आहे. तारीख मला काल संध्याकाळी कळली.

पुढील वेळी मी नक्की उपलब्ध आहे:
सोमवार, 22 जून – दुपारी 4 ते 6
मंगळवार, 23 जून – सकाळी 10 ते 1
बुधवार, 24 जून – सकाळी 10 ते संध्याकाळी 6

यातली कोणती वेळ पॅनेलला सोयीची आहे ते कळवावं. ऐनवेळी वेळापत्रक बदलावं लागत असल्याबद्दल दिलगीर आहे. या जागेसाठी मी उत्सुक आहे आणि दोघांशी बोलण्याची वाट पाहते आहे.’

खाली नाव आणि मोबाइल नंबर.

‘दिलगीर’ एकदाच आहे आणि शेवटाकडे आहे, ते बघ. ती एक ओळ मी मुद्दाम ठेवली. तीन माणसांचं वेळापत्रक हलतं आहे, तेव्हा एकदा दिलगिरी व्यक्त करणं हा साधा शिष्टाचार आहे, आणि ती गाळली तर मेल कोरडा लागतो. पण ती तिच्या कामाला होणाऱ्या त्रासाबद्दल आहे, बाबांसोबत राहण्याबद्दल नाही. तुझ्या मसुद्यातलं ‘मला खूप लाज वाटते आहे’ मी काढलं ते यासाठीच. बाबांना दवाखान्यात नेण्यात लाज कसली? आईने जे विचारलं ते अगदी नेमकं आहे. आणि पहिलीच ओळ पुन्हा वाच. फोनवर मेलची सूचना येते तेव्हा सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तेवढ्यातच जागेचं नाव आणि तारीख दिसली की उघडायच्या आधीच तिला विषय कळतो. ‘मला ही सुवर्णसंधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे’ याने सुरुवात केलीस तर तिथे आभारच दिसणार.

आज शनिवार आहे, म्हणून सोमवारपर्यंत थांबू नकोस. मेल आजच पाठव. मेल वाजत नाही, सुट्टीत कोणाला त्रास होत नाही, आणि त्यावरच्या तारखेवरून दिसतं की कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू कळवलं. व्हॉट्सॲप मात्र शनिवार-रविवारी नको. सोमवारी दुपारी दोनपर्यंत उत्तर आलं नाही तर एचआरला फोन कर. ‘नमस्कार, मी अमुक. गुरुवारच्या मुलाखतीबद्दल शनिवारी मेल केला होता, तो मिळाला का एवढंच विचारायचं होतं.’ उचलला नाही तर हेच दोन ओळींत मेसेज कर. मंगळवारी संध्याकाळपर्यंतही काही कळलं नाही, तर कन्सल्टन्सीच्या मॅडमना सांग की आता तुम्हीच विचारा. उत्तर नाही म्हणजे होकार, असं धरून बसू नकोस. नवीन इन्व्हाइट येईपर्यंत गुरुवारची 11:30 त्यांच्या कॅलेंडरवर तशीच उभी असते.

त्यांनी ‘नाही जमणार’ म्हटलं तर? होऊ शकतं. पुण्याच्या मॅडम पुढच्या आठवड्यात सुट्टीवर असतील किंवा जागा याच आठवड्यात भरायची असेल. तेव्हा एक पर्याय तू स्वतः सुचव: ‘बुधवारी, 17 तारखेला सकाळी 9 ला किंवा संध्याकाळी 7 नंतर शक्य असेल तर मी तयार आहे.’ मुलाखत पुढे ढकलता येत नसेल तर अलीकडे आणता येते, हे बऱ्याच जणांना सुचतच नाही. पण हे पहिल्या मेलमध्ये लिहू नकोस. दुसऱ्या दिवशी बाबांना ॲडमिट करायचं आहे, त्या आधीच्या रात्री तुझं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही. ते हातात राखून ठेव. बुधवारही जमला नाही आणि ते गुरुवारवरच अडून राहिले, तर ही जागा या वेळी तुझी नाही. तसं झालं तरी दोन ओळींत नीट कळव की गुरुवारी येऊ शकत नाही, पुढे जागा निघाली तर जरूर कळवा. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराची जुनी नोंद बहुधा राहते. ‘न कळवता आली नाही’ आणि ‘आधी कळवून माघार घेतली’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज केलास की पहिली तुझ्या आधी पोचलेली असते.

हे सगळं खासगी कंपनीच्या अशा ठरवून घेतलेल्या मुलाखतीबद्दल आहे, जिथे वेळ दोन-तीन माणसांच्या कॅलेंडरवर असते. कॉलेजमधला कॅम्पस ड्राइव्ह किंवा वॉक-इन असेल तर पॅनेल त्याच दिवसापुरतं आलेलं असतं, तिथे ‘मंगळवार’ नावाची गोष्टच नसते, फार तर त्याच दिवशी शेवटचा नंबर मागता येतो. सरकारी भरतीत तर बोलावण्याच्या पत्रात तारीख बदलण्याचे नियम दिलेले असतात, तिथे पत्रच वाचायचं. तुझी मैत्रीण बँकेची तयारी करते म्हणालीस, तिला माझा हा मेल जसाच्या तसा देऊ नकोस.

नवीन वेळ मिळाली की एका ओळीत ‘मिळालं, आभार, मंगळवारी 11 ला हजर असेन’ असं कळव. मुलाखत सुरू झाल्यावर मॅनेजर बाबांची चौकशी करतील, चांगली माणसं करतात. तेव्हा ‘आता बरे आहेत, वेळ बदलून दिलीत त्याबद्दल आभार’ इतकं बोलून थांब. तिथे पुन्हा माफी सुरू केलीस तर पहिली पाच मिनिटं त्यातच जातात, आणि त्या पाच मिनिटांत तुला तुझ्या फर्ममध्ये केलेल्या ऑडिटबद्दल बोलायचं आहे.

गुरुवारसाठी एक छोटीशी गोष्ट. सकाळी 8 ला आत जाण्याआधी फोनवर बघून घे की 11:30 चं जुनं इन्व्हाइट कॅलेंडरवरून गेलं आहे. राहिलं असेल तर सव्वाअकराला आठवण वाजेल, आणि नेमकं तेव्हा तुला ते वाजलेलं नको असेल. बाबांची फाइल, जुने ईसीजी, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आईच्या पिशवीत असू दे, तुझ्या नाही. तू खाली काउंटरला धावशील तेव्हा ती वर त्यांच्याजवळ असेल.

बाबा घरी आले की मला एक ओळ टाक.

– ताई